सात मिनिटं, आठ स्लाइड, वीस गुण

अंतर्गत मूल्यमापनाचे दिवस आले की कॉलेजच्या वर्गांच्या ग्रुपवर एक ठरलेला मजकूर येतो. ‘सर्व विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या विषयावर पीपीटी तयार करून २४ तारखेपर्यंत जमा करावी. २० गुण. उशीर चालणार नाही.’ पाच मिनिटांत खाली प्रश्न सुरू होतात. सर, किती स्लाइड? मॅडम, मराठीत चालेल का? एकट्यानं करायची की गटानं? बोलायचं पण आहे का? शिक्षक दोन प्रश्नांची उत्तरं देतात आणि बाकीचे प्रश्न शेदीडशे संदेशांखाली गाडले जातात. मग सादरीकरणाच्या दिवशी कुणी चाळीस स्लाइड घेऊन येतं, कुणी चारच. प्रत्येकानं आपापल्या समजुतीनं काम केलेलं असतं आणि गुण मात्र शिक्षकाच्या मनातल्या मापानं पडतात.

मी कॉलेजात भूगोल शिकवते आणि ही सूचना मला प्रश्नपत्रिकेइतकीच मोलाची वाटते. लेखी परीक्षेत प्रश्न, वेळ आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण छापलेले असतात. सादरीकरणाच्या परीक्षेत हे सगळं सांगायची जागा म्हणजे ही सूचना. म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे शिक्षकाला सांगता आलं पाहिजे आणि विद्यार्थ्याला कळलं पाहिजे. द्वितीय वर्ष बी. ए. भूगोलाच्या एका वर्गासाठी अशी सूचना कशी बनते ते पाहू. वर्गात ४८ मुलं आहेत, तास ४८ मिनिटांचा आहे आणि महिना जानेवारी २०२६ आहे असं धरू.

पहिला हिशेब वेळेचा. ४८ मुलं एकेकटी उभी राहिली तर महिना सरेल. तिघांचे गट केले तर सोळा गट होतात. एका तासाला चार गट बसवायचे तर प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात: सात बोलायला, दोन प्रश्नांना, एक पुढच्या गटानं जागेवर यायला. चार गटांची चाळीस मिनिटं झाल्यावर उरलेली आठ हजेरीत आणि प्रोजेक्टर सुरू होण्यात जातात. ज्यांनी कॉलेजातला प्रोजेक्टर सुरू होताना पाहिला आहे, त्यांना ही आठ मिनिटं जास्त वाटणार नाहीत. असे चार दिवसांत सोळा गट होतात.

सात मिनिटं ठरली की स्लाइडची संख्या आपोआप ठरते. एक मुद्दा सांगायचा, चित्र दाखवायचं, समोरच्यांना ते पाहू द्यायचं, याला मिनिटभर तरी लागतं. म्हणजे मजकुराच्या सहा स्लाइड. त्यात सुरुवातीची नावाची आणि शेवटची माहितीच्या स्रोतांची धरली की आठ. नावाची स्लाइड काही सेकंदांत जाते आणि स्रोतांची प्रश्नोत्तरं चालू असताना पडद्यावर राहते, म्हणून त्या दोघींचा वेळ वेगळा धरायला नको. स्लाइडना मर्यादा घालण्याच्या इतरही रीती जगात आहेत. टोकियोत २००३ साली सुरू झालेल्या पेचाकुचा या प्रकारात वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, असे सहा मिनिटं चाळीस सेकंद मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली सुरू केलेल्या स्पर्धेत पीएच.डी. करणाऱ्यांना आपला प्रबंध तीन मिनिटांत आणि एकाच स्थिर स्लाइडवर सांगावा लागतो. तिथंही आधी वेळ ठरतो आणि मग स्लाइड.

पण नुसती संख्या बांधली की मुलं वेगळी वाट काढतात. आठच स्लाइड म्हटल्यावर वीस स्लाइडचा मजकूर आठांत कोंबतात आणि अक्षर बारीक करतात. कोंबलेल्या स्लाइडचा सर्वांत गंभीर दाखला अमेरिकेतला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना नष्ट झालं, कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता आणि त्यानं किती नुकसान झालं असेल याचा अभियंत्यांनी अभ्यास केला होता. तो यान अवकाशात असतानाच स्लाइडच्या रूपात अधिकाऱ्यांसमोर आला. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खाली मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. चाचणीतला ३ घन इंचांचा, प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा. चौकशी मंडळानं आपल्या अहवालात या स्लाइडवर स्वतंत्र टिप्पणी केली आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. यान केवळ स्लाइडमुळे गेलं असं नाही. पण ज्या ओळीवर सगळं अवलंबून होतं ती सर्वांत खाली गेली होती, हे त्या अहवालात नोंदलेलं आहे.

म्हणून स्लाइडच्या संख्येसोबत शब्दांची संख्या आणि अक्षराचा आकारही सांगावा लागतो. एका स्लाइडवर तीसपेक्षा जास्त शब्द नकोत आणि अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. इंग्रजीला २४ चालून जातो. देवनागरीत मात्रा, वेलांटी, उकार, रफार ओळीच्या वर-खाली जातात आणि ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्य’ यांसारखी जोडाक्षरं बारीक आकारात गिचमिड होतात. शब्द कमी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. पडद्यावर परिच्छेद असला की बोलणारा तो वाचून दाखवतो. ऐकणारे मनातल्या मनात त्याच्यापुढे वाचत जातात. तेच शब्द एकाच वेळी डोळ्यांनी आणि कानांनी घेताना समज वाढत नाही, घटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे पुढे आलं आहे.

आता विषय. ‘आपल्या आवडीचा विषय’ हे शब्द मुलांना मोकळीक देतात असं वाटतं, पण प्रत्यक्षात सोळापैकी निम्मे गट प्रदूषण, जागतिक तापमानवाढ आणि शेती यांवर येतात आणि सगळ्यांची माहिती त्याच दोन-तीन पानांवरून उतरलेली असते. यावर उपाय म्हणून शिक्षकानं विषयांची यादी द्यायची हेही मला पटत नाही, कारण मग विचार शिक्षकाचा राहतो आणि मुलांकडे फक्त भरणा उरतो. त्याऐवजी विषय एका प्रश्नाच्या रूपात मागावा आणि त्या प्रश्नात एक जागा, एक काळ आणि मोजता येईल अशी एक गोष्ट असावी.

एक गट ‘महाराष्ट्रातील शेती’ घेऊन आला असं समजू. सात मिनिटांत हे होणार नाही हे त्यांनाही दिसतं. शेतीतलं काय? भाजीपाला. कुठला? आपल्या तालुक्यातला. तो पाहणार कुठे? मंगळवारच्या आठवडी बाजारात. तिथं मोजणार काय? इथवर आल्यावर गटातलं कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, भाजीवाले किती लांबून येतात ते विचारता येईल.’ मग प्रश्न तयार होतो: ‘जानेवारीत आमच्या मंगळवारच्या बाजारात भाजी विकणारे किती लांबून येतात?’ यात जागा आहे, काळ आहे, किलोमीटर आहेत. शिवाय हा प्रश्न थेट अभ्यासक्रमाला भिडतो. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली मांडलेला केंद्रस्थान सिद्धान्त मुलं पुस्तकात वाचतात, त्यातले षटकोन पाठ करतात. आपल्या बाजाराचा नकाशा स्वतः काढला की बाजाराचं क्षेत्र षटकोनी दिसतं, की डांबरी रस्त्याच्या आणि एसटीच्या मार्गाच्या दिशेनं लांबट होत जातं, हे त्यांना तपासता येतं.

तारीख ठरवताना हाच प्रश्न उपयोगी पडतो. सूचना सोमवारी ५ जानेवारीला गेली, प्रश्न शनिवारी १० तारखेपर्यंत मागवले आणि सोमवारी १२ तारखेला मान्य केले, तर २४ तारखेच्या आत गटाला दोन मंगळवार मिळतात: १३ आणि २० जानेवारी. पैकी १३ तारखेला भोगी आहे. त्या दिवशी बाजारात पावटा, हरभरा, गाजर, वांगी, बोरं यांची झुंबड असते आणि एरवी न येणारे शेतकरीही टोपल्या घेऊन बसतात. त्या एकाच दिवसाची मोजणी नेहमीच्या बाजाराची म्हणून मांडली तर उत्तर चुकेल. दुसरा मंगळवार हाताशी असला की गट दोन्ही दिवस मोजू शकतो आणि त्यांच्यातला फरक हाच त्याचा सर्वांत चांगला शोध ठरू शकतो. एका आठवड्याची मुदत दिली असती तर हे जमलंच नसतं. प्रत्यक्ष माहिती गोळा करायला सांगणाऱ्या शिक्षकानं मुदत ठरवण्याआधी पंचांग, बाजाराचा वार आणि सुट्ट्या पाहायला हव्यात.

मुदतीची वेळही नीट लिहावी लागते. ‘२४ तारखेला रात्री १२ पर्यंत’ असं लिहिलं की निम्म्या वर्गाला ती २३ आणि २४ यांच्या मधली मध्यरात्र वाटते, उरलेल्यांना २४ आणि २५ यांच्या मधली. ‘शनिवार, २४ जानेवारी, संध्याकाळी ५’ यात वाद उरत नाही. त्या वेळी ऑफिसात आणि संगणक कक्षात माणूस असतो, फाइल जात नसेल तर मदत मिळते. सादरीकरणं मंगळवारी २७ तारखेला सुरू होतात. मध्ये रविवार आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहे आणि ते दोन दिवस शिक्षकाला फाइली उघडून पाहायला लागतात. मंगळवारी बोलणारा गट आणि शुक्रवारी बोलणारा गट यांनी फाइल एकाच वेळी द्यायची. क्रमाच्या चिठ्ठ्या त्यानंतरच काढायच्या, म्हणजे शेवटी येणाऱ्याला तीन दिवस जास्त मिळाले अशी तक्रार होत नाही.

फाइल उघडून पाहणं मराठीत विशेष गरजेचं आहे. अनेक मुलं स्लाइड गावातल्या डीटीपी सेंटरवर टाइप करून घेतात आणि तिथं अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपी वापरात असते. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द `ejkBh` असा दिसतो. अख्खं सादरीकरण असं दिसायला लागलं की गट उभ्या उभ्या हवालदिल होतो, त्यांची मेहनत कितीही खरी असली तरी. हे आधीच ओळखायची सोपी खूण आहे. स्लाइडमधला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवायचा. मराठीच उमटला तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची भेळ आली तर तो मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करावा लागेल किंवा परिवर्तकातून बदलून घ्यावा लागेल. पीडीएफ सोबत मागायची ती याचसाठी: एरवी फॉन्ट तिच्यातच बसलेला असतो आणि ऐन वेळी तीवर निभावून नेता येतं.

राहिले गुण. वादाचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. ‘सादरीकरण: २० गुण’ एवढंच लिहिलं तर मुलं डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर मेहनत घेतात: रंगीत पार्श्वभूमी, उडत येणारी अक्षरं, शेवटी गुलाबाच्या फुलावर ‘धन्यवाद’. त्यांचा दोष नाही, कारण गुण कशाला आहेत ते कुणी सांगितलेलं नसतं. मी वीस गुणांची फोड अशी करते. प्रश्नाला ४, माहिती आणि तिच्या स्रोताला ६, स्लाइडच्या मांडणीला ३, बोलण्याला ३, प्रश्नोत्तरांना ४. पहिले तेरा गुण गटाचे, शेवटचे सात ज्याचे त्याचे. स्लाइडच्या देखणेपणाला तीनच गुण दिसले की मुलांचं लक्ष बाजाराकडे वळतं.

सर्वांत जास्त गुण माहितीला आहेत, म्हणून सहा कशाला मिळतात आणि दोन कशाला हेही लिहावं लागतं. स्वतः गोळा केलेली माहिती, ती किती जणांकडून, कधी आणि कशी घेतली याचा उल्लेख, आणि तिच्यात काय कमी आहे याची कबुली, हे सगळं असेल तर सहा. स्वतः गोळा केली पण कशी ते सांगितलं नाही, तर चार. फक्त पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून घेतली आणि स्रोत दिला, तर दोन. स्रोतच नसेल तर शून्य.

बाजाराच्या गटाला हे माप लावून पाहू. समजा त्यांनी दोन मंगळवारी मिळून ऐंशी विक्रेत्यांना विचारलं, गावांची नावं लिहून घेतली, नकाशावर अंतरं मोजली. पद्धत सांगितली, भोगीचा फरकही दाखवला. पण एक गोष्ट निसटली. विचारलेला प्रश्न होता, ‘तुम्ही कुठून आलात?’ बसलेल्यांपैकी काही जण शेतकरी होते, काही व्यापारी. व्यापारी शेजारच्या गावचा असतो आणि त्याची कोबी बाजार समितीतून, कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्यातली आलेली असते. दोघांना एका रकान्यात घातल्यानं आलेखात सगळं जवळचं दिसलं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं असतं तर सहा मिळाले असते, नाही सांगितलं म्हणून पाच. प्रश्नाला ४, मांडणीला २. गटाचे तेरापैकी अकरा.

पुढचे सात वेगळे. ज्या मुलीनं बाजारात वही धरली होती, तिला कुणी विचारलं, ‘व्यापाऱ्यांचं काय केलंत?’ तिनं क्षणभर थांबून सांगितलं, ‘ते वेगळे मोजायला हवे होते, आमच्या वहीत ते ओळखता येत नाहीत.’ तिला प्रश्नोत्तरांचे चारपैकी चार, कारण आपल्या माहितीची मर्यादा तिला उभ्या जागी कळली. आवाज बारीक होता, बोलण्याला २. एकूण सतरा. तिच्या गटातला मुलगा खणखणीत बोलला, त्याला ३. पण किती जणांना विचारलं हे त्याला सांगता आलं नाही, प्रश्नोत्तरांत ०. एकूण चौदा. निव्वळ गटाला गुण दिले असते तर दोघं सारखे आले असते. बोलण्याचे तीन गुण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येण्याला आणि न वाचता सांगण्याला आहेत. ते इंग्रजी येण्याला किंवा बुजरेपणा नसण्याला नाहीत, आणि हे वाक्य सूचनेत स्पष्ट असायला हवं.

या सगळ्या हिशेबातून सूचना बनते ती अशी:

‘द्वितीय वर्ष बी. ए. भूगोल. सादरीकरण, २० गुण. तिघांचा गट, वेळ ७ मिनिटं, नंतर २ मिनिटं प्रश्न. विषय प्रश्नाच्या रूपात पाठवा. त्यात एक जागा, एक काळ आणि मोजता येईल अशी एक गोष्ट हवी. एकच प्रश्न दोन गटांना मिळणार नाही, आधी पाठवणाऱ्याला आधी. प्रश्न पाठवण्याची मुदत शनिवार १० जानेवारी. सोमवारी १२ ला मान्यता. जास्तीत जास्त ८ स्लाइड (नाव आणि स्रोत धरून), एका स्लाइडवर जास्तीत जास्त ३० शब्द, अक्षर २८ पॉइंट किंवा मोठं, मराठी युनिकोडमध्ये. भाषा मराठी किंवा इंग्रजी. गुणांत फरक नाही. गुण: प्रश्न ४, माहिती व स्रोत ६, मांडणी ३ (गटाचे), बोलणं ३, प्रश्नोत्तरं ४ (प्रत्येकाचे). बोलण्यात आवाज आणि न वाचता सांगणं पाहिलं जाईल. ६ गुणांची फोड सोबतच्या कागदावर. फाइल दोन रूपांत, पीपीटी आणि पीडीएफ, शनिवार २४ जानेवारी संध्याकाळी ५ पर्यंत. नाव असं द्या: `SYBA_GEO_G07`. उशिराला दर दिवशी गटाचा १ गुण कमी. चिठ्ठ्या २४ ला ५ नंतर. सादरीकरण २७ ते ३० जानेवारी. कुणी आजारी पडल्यास त्या दिवशी सकाळीच कळवा, वेगळी वेळ मिळेल. शंका वर्गात विचारा. उत्तर सगळ्यांसाठी याच संदेशात जोडलं जाईल.’

शेवटच्या वाक्यामुळे खासगीत विचारणाऱ्याला जास्त आणि न विचारणाऱ्याला कमी माहिती मिळत नाही. ग्रुपवर हा संदेश वर टाचून ठेवायचा आणि एक छापील प्रत वर्गाच्या फलकावर लावायची, कारण वर्गात स्मार्टफोन नसलेलं एखादं मूल आजही असतं. सूचनेतला एखादा आकडा पुढे बदलावा लागला तर तो सगळ्यांसाठी बदलायचा आणि मुदतीच्या आधी बदलायचा. गुण देताना मात्र सूचनेत नसलेली कुठलीही गोष्ट मोजायची नाही, मग ती शिक्षकाला कितीही महत्त्वाची वाटो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या ग्रुपवर अशी सूचना आली आणि तिच्यात गुणांची फोड नसेल, तर विषय ठरवण्याआधी ती सरांकडे किंवा मॅडमकडे मागून घ्या. ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.